पंधरा ते आठ की पंधरा ते एक?

रांगोळीच्या पुस्तकात नक्षीखाली एक छोटी ओळ छापलेली असते : ‘ठिपके १५ ते ८’, ‘९ ते ५’ किंवा ‘११ ठिपके ११ ओळी’. रांगोळी काढणारीला तेवढे पुरते. १५ ते ८ म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, तिच्या वर आणि खाली १४, मग १३, असे एकेक कमी करत दोन्हीकडे ८ वर थांबायचे. शिवाय प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध पडला पाहिजे. ११ ठिपके ११ ओळी म्हणजे ठिपक्याखाली ठिपका, सरळ चौकोन. हे ठिपके नीट पडावेत म्हणून उदबत्तीने भोके पाडलेला कागद अनेक घरांत वर्षानुवर्षे जपून ठेवलेला असतो.

दिवाळीत फोनवर येणाऱ्या फोटोंखाली मात्र ही ओळ नसते. कुणाच्या तरी दारातली सुंदर रांगोळी समोर असते, पण ठिपके रेघांखाली गेलेले असतात, वर रंग भरलेला असतो, फोटो उभ्याने आणि तिरका काढलेला असतो. नक्षी आपल्या दारात उतरवायची म्हटले की पहिल्याच पायरीवर अडते : ठिपके किती आणि कसे द्यायचे?

याचे उत्तर फोटोतच असते. ते काढायला दोन गोष्टी पाहाव्या लागतात : नक्षीखालची ठिपक्यांची मांडणी आणि नक्षीची सममिती, म्हणजे ती किती प्रकारे फिरवली किंवा उलटवली तरी तशीच दिसते हे. या दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. एक सापडली की दुसरीबद्दलच्या बऱ्याच शक्यता आपोआप बाद होतात.

सुरुवात मात्र त्याही आधीच्या प्रश्नापासून करावी : या रांगोळीखाली ठिपके आहेत तरी का? संस्कार भारतीच्या पद्धतीची मोठी रांगोळी वर्तुळांवर उभी असते. तिथे मध्य धरून गोल काढतात, त्याचे हवे तितके भाग पाडतात आणि बोटांच्या चिमटीतून सुटणाऱ्या जाड रेघांनी तो भरतात. चैत्रांगणात शंख, चक्र, गोपद्मे, सूर्य, चंद्र, पाळण्यातली गौर अशी चिन्हे आपापल्या जागी बसवलेली असतात, आणि तिथे सममिती शोधणे हाच चुकीचा प्रश्न ठरतो. प्लास्टिकच्या छाप्याने काढलेल्या रांगोळीची सममिती सहसा हाताच्या रांगोळीपेक्षा काटेकोर असते, पण तिच्याखाली बहुतेकदा एकही ठिपका नसतो. म्हणून नुसती नीटनेटकी सममिती दिसली की ठिपके असतीलच, असे धरता येत नाही.

ठिपके असल्याची खूण रेघांच्या वागण्यात सापडते. महाराष्ट्रात जास्त दिसणाऱ्या रांगोळीत रेघ एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाते. तिथे रेघ जिथे वळते, जिथे दोन रेघा मिळतात, पाकळीचे टोक जिथे येते, तिथे ठिपका असतो. अशा जागा फोटोवर पेन्सिलीने किंवा फोनच्या पडद्यावर बोटाने टिंब देत गेले की थोड्याच वेळात त्या सरळ ओळींत पडू लागतात. छाप्याच्या किंवा मुक्तहस्त रांगोळीत अशा ओळी जुळत नाहीत. तमिळनाडूच्या सिक्कू कोलममध्ये याच्या उलट असते : रेघ ठिपक्याला कधीच शिवत नाही, त्याला वळसा घालून पुढे जाते. त्यामुळे ठिपके शेवटपर्यंत रेघांच्या कुशीत उघडे राहतात आणि फोटोत सरळ मोजता येतात.

ओळी सापडल्या की ठिपके सरळ आहेत की मधल्या जागेत, हे पाहायचे. तमिळ भाषेत या दोन मांडण्यांना ‘नेर पुळ्ळी’ आणि ‘इडुक्कु पुळ्ळी’ अशी नावे आहेत. सरळ मांडणीत प्रत्येक ठिपक्याला लागून चार शेजारी असतात : डावा, उजवा, वरचा, खालचा. मधल्या जागेच्या मांडणीत सहा असतात, म्हणजे आपल्या ओळीतले दोन, वरच्या ओळीतले दोन आणि खालच्या ओळीतले दोन. नक्षीच्या मधल्या ठिपक्यातून रेघा चार दिशांना फुटतात की सहा, हे पाहिले तर अर्धे काम होते.

अर्धेच, कारण फोटो फसवतो. दारात उभे राहून खाली काढलेल्या फोटोत दूरच्या ओळी जवळ आल्यासारख्या दिसतात. चौकोन वरच्या बाजूला अरुंद होतो आणि काटकोन काटकोन राहत नाहीत. कोपऱ्यातून फोटो घेतला असेल तर सरळ चौकोनाचे कर्ण आडव्या ओळींसारखे दिसू लागतात, आणि कर्णाने पाहिलेली चौकोनी मांडणी हुबेहूब मधल्या जागेच्या मांडणीसारखी भासते. म्हणून फोटोत अंतरे मोजण्यात अर्थ नाही. तिरक्या फोटोतही टिकतात त्या दोनच गोष्टी : सरळ रेघ सरळच राहते, आणि एका ओळीत नऊ ठिपके असतील तर ते नऊच राहतात. तेव्हा पट्टी बाजूला ठेवावी आणि मोजणी करावी.

मोजायचे कसे, हे १५ ते ८ या आकड्यांतच दिसते. आडव्या ओळी मोजल्या तर ८, ९, १० असे वाढत १५, आणि पुन्हा उतरत ८. आता त्याच ठिपक्यांकडे डावीकडून उजवीकडे चढणाऱ्या तिरक्या ओळींनी पाहा. पुन्हा ८ पासून १५ आणि परत ८. उजवीकडून डावीकडे चढणाऱ्या ओळींनीही तेच. तिन्ही दिशांना एकच मोजणी येते, कारण हा सहा समान बाजूंचा आकार आहे, प्रत्येक बाजूवर ८ ठिपक्यांचा. सगळे मिळून ठिपके १६९. ९ ते ५ मध्ये बाजू ५ ठिपक्यांची आणि एकूण ६१. ७ ते ४ मध्ये ३७. मधला आकडा नेहमी बाजूच्या दुपटीतून एक वजा केला की मिळतो : ८ ची दुप्पट १६, वजा एक १५. पुस्तकांत ९ ते ५, ११ ते ६, १३ ते ७, १५ ते ८ अशाच जोड्या पुन्हा पुन्हा दिसतात त्यामागे हे गणित आहे. ही जोडी बिघडली की सहाही बाजू सारख्या राहत नाहीत. १५ ते ६ असे ठिपके दिले तर वरची आणि खालची बाजू आखूड होते, तिरक्या बाजू लांबतात, आणि सहा पाकळ्यांचे फूल मधे बसले तरी भोवतीची चौकट त्याच्याशी जुळत नाही.

१५ ते १ ही मांडणी वेगळी. तिच्यात ठिपके १ पासून वाढत १५ पर्यंत जातात आणि परत १ वर येतात. एकूण ठिपके २२५, म्हणजे १५ गुणिले १५. हा योगायोग नाही. १५ ठिपके १५ ओळींचा सरळ चौकोन कोपऱ्यावर उभा केला आणि त्याच्या कर्णांवरून ओळी मोजल्या तर नेमकी १ ते १५ ते १ हीच मोजणी मिळते. ठिपके तेवढेच, त्यांचे शेजारीही तेच. फरक फक्त कोनाचा. ओळींमधले अंतर एकाच ओळीतल्या दोन ठिपक्यांमधल्या अंतराच्या अर्धे ठेवले तर तो कोपऱ्यावर उभा चौकोन होतो. थोडे जास्त ठेवले, इतके की कुठलेही तीन लगतचे ठिपके समान बाजूंचा त्रिकोण करतील, तर तो लांबट चौकट आकार होतो, पत्त्यांतल्या चौकटासारखा. पहिल्यात नक्षी पाव फेरा फिरवली तरी तशीच दिसू शकते, दुसऱ्यात ती फक्त अर्ध्या फेऱ्याला जुळते.

इथे नुसती मोजणी अपुरी पडते, आणि फोटो ओळखताना होणाऱ्या बहुतेक चुका इथेच होतात. फोटोतल्या कोनांवर भरवसा ठेवता येत नाही, मग निर्णय कशावर घ्यायचा? सर्वात चांगला साक्षीदार म्हणजे फरशी. दारापुढच्या फरश्या बहुधा चौरस असतात आणि त्यांचे सांधे फोटोत दिसतात. ठिपक्यांची एखादी ओळ सांध्याला समांतर जात असेल तर तिला काटकोनात दुसरी ओळ आहे का, ते सांध्यांशी ताडून पाहता येते. कागदपत्रे स्कॅन करायच्या ॲपमध्ये रांगोळीभोवतीच्या फरश्यांचे चार कोपरे धरले की फोटो वरून घेतल्यासारखा सरळ होतो. किती फरश्या लांब आणि किती रुंद पकडल्या ते मोजून चित्राचा आकार त्याच प्रमाणात आला आहे की नाही, तेवढे तपासावे, कारण ॲप हे प्रमाण अंदाजाने ठरवते. जमीन सारवलेली असेल, सांधे नसतील, तर रांगोळीतल्या गोल पणतीकडे पाहावे. वरून पाहता ती गोल दिसायला हवी. फोटोत ती जितकी चपटी दिसते तितकीच तिच्या जवळची नक्षीही चपटी झालेली असते.

आता दुसरा धागा, सममितीचा. ती तपासायला फोनमधली एक साधी सोय उपयोगी पडते : सरळ केलेला फोटो आडवा उलटवणे. उलटवल्यावर नक्षी तशीच दिसली तर तिच्यात आरशाची सममिती आहे, म्हणजे मधून एक रेघ ओढली तर एक बाजू दुसरीचे प्रतिबिंब ठरते. उलटवल्यावर ती वेगळ्या दिशेला वळलेली दिसली, पण न उलटवलेला फोटो पाव किंवा अर्धा फेरा फिरवल्यावर तसाच दिसला, तर तिच्यात फक्त फिरण्याची सममिती आहे. स्वस्तिक हे याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. पाव फेरा फिरवले तर तेच स्वस्तिक, पण आरशात त्याचे हात उलट्या दिशेला वळतात. याच्या उलट, समोरासमोर तोंड केलेल्या दोन मोरांच्या रांगोळीत आरशाची एकच रेघ असते आणि फिरण्याची सममिती मुळीच नसते.

ओळीने जाणाऱ्या रांगोळीत आणखी एक प्रकार भेटतो. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत काढलेली लक्ष्मीची पावले दोन तऱ्हांची असतात. दोन्ही पावले शेजारी शेजारी असतील तर मधली रेघ हा सरळ आरसा होतो. चालल्यासारखी, डावे पुढे आणि मग उजवे पुढे अशी असतील, तर उलटवून भागत नाही. उलटवून एक पाऊल पुढे सरकवले की मगच नक्षी स्वतःवर बसते. गणितात या सरकत्या आरशाला स्वतंत्र सममिती मानतात.

फुलासारख्या, मध्याभोवती फिरणाऱ्या रांगोळीत नक्षी एका पूर्ण फेऱ्यात किती वेळा जुळते हे मोजतात. हा आकडा आला की खालच्या ठिपक्यांबद्दल बरेच कळते. चार वेळा जुळत असेल तर ठिपके सरळ चौकोनी असणार. सहा किंवा तीन वेळा जुळत असेल तर ते समान अंतरावरचे, मधल्या जागेचे. एकदाच किंवा दोनदा जुळत असेल तर दोन्ही शक्य आहेत, आणि ओळींचीच मोजणी करावी लागते.

पाच वेळा जुळत असेल तर? मग खाली ठिपक्यांच्या ओळी नाहीतच. त्याचे कारण मोठे सुबक आहे. समजा, अशा एखाद्या मांडणीत मधल्या ठिपक्याभोवती सर्वात जवळचे पाच ठिपके समान अंतरावर बसले आहेत. ओळीच्या मांडणीचा नियम असा की एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर नेणारे पाऊल कुठल्याही ठिपक्यावरून टाकले तरी ठिपक्यावरच पडते. तेव्हा मध्यापासून पहिल्या दिशेने एक पाऊल टाका आणि तिथून, एक दिशा सोडून, तिसऱ्या दिशेने दुसरे. जिथे पोहोचलात तिथेही ठिपका हवा. पण ती जागा मध्यापासून एका पावलाच्या साधारण ०.६२ पट अंतरावर येते, म्हणजे ‘सर्वात जवळच्या’ ठिपक्यांपेक्षाही जवळ. सुरुवातीचे म्हणणेच मोडले. म्हणून पाच पाकळ्या खरोखर समान असलेली जास्वंद ठिपक्यांच्या ओळींवर बसत नाही. ती वर्तुळाचे भाग पाडूनच काढलेली असते.

आठ पाकळ्यांचे कमळ जास्त चकवते, कारण चौकोनी ठिपक्यांवर ते सर्रास काढतात. तिथे चार पाकळ्या ओळींच्या दिशेने जातात आणि चार कर्णाच्या दिशेने. सरळ पाकळी तीन ठिपके पुढे गेली तर तिची लांबी ३ भरते. कर्णाची पाकळी दोन ठिपके गेली तर सुमारे २.८३. डोळ्याला दोन्ही सारख्याच वाटतात, पण नक्षी पाव फेऱ्यालाच जुळते, त्याच्या अर्ध्याला नाही. एक आड एक पाकळी किंचित आखूड किंवा रुंद दिसली की हे चौकोनी ठिपक्यांवरचे कमळ आहे असे समजावे. आठही पाकळ्या खऱ्याच समान असतील तर खाली मध्यातून निघणाऱ्या आठ रेघा असतात. तमिळनाडूतले ‘हृदय कमलम’ हे असेच : आठ दिशांना पाच-पाच ठिपके. पहिल्या दिशेच्या पहिल्या ठिपक्यावरून दुसऱ्या दिशेच्या तिसऱ्यावर, मग पाचव्यावर, मग दुसऱ्यावर, मग चौथ्यावर असे फिरत गेले की पाच फेऱ्यांत चाळीसही ठिपके एका अखंड रेघेत येतात.

आता एक फोटो पायरी पायरीने वाचू. दारातली दिवाळीची रांगोळी. सहा पाकळ्यांचे मोठे फूल, पाकळ्यांच्या मधे सहा लहान पाने, बाहेर सहा बाजूंची चौकट. फोटो उंबऱ्यावरून घेतलेला आहे आणि सर्वात खालची ओळ पणत्यांनी झाकली आहे. रंगाखाली बरेचसे ठिपके दिसत नाहीत.

उघडी दिसते ती वरची बाजू. तिच्या दोन कोपऱ्यांवर दोन पाकळ्यांची टोके आली आहेत आणि त्यांच्या मधे चौकटीच्या रेघेवर तीन ठिपके मोजता येतात. टोके धरून पाच. बाजू ५ ची असेल तर मधली ओळ ५ ची दुप्पट वजा एक, म्हणजे ९ ची हवी. मधल्या ओळीत खूण पटते : एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना रेघांच्या गाठी आणि रंगातून डोकावणारे ठिपके मिळून नऊ जागा भरतात. वरून मोजत आले की ५, ६, ७, ८, ९, ८, ७, ६ आणि मग पणत्या. पणत्यांखाली ५ असणार. तिरक्या दोन दिशांनी मोजले तरी ५ ते ९ ते ५ हेच येते. म्हणजे ९ ते ५, एकूण ६१ ठिपके. कर्णाने पाहिलेल्या चौकोनाची शंका इथे उरत नाही, कारण चौकोनी मांडणीत तिन्ही दिशांना अशी एकच मोजणी येत नाही.

पुढे नक्षीची बांधणी. मध्याभोवती ठिपक्यांची कडी धरली तर पहिल्या कड्यात ६, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात १८ आणि चौथ्यात २४ ठिपके येतात. पाकळी मध्यातून निघते, दुसऱ्या कड्यावरच्या ठिपक्यापाशी शेजारच्या पाकळीला टेकते, तिसऱ्या कड्यावरच्या ठिपक्यावरून फुगीर वळण घेते आणि चौथ्या कड्याच्या कोपऱ्यावर टोक काढते. दुसरी कड तशीच परत येते. पाकळीच्या पोटात तीन ठिपके राहतात, ते रंगाखाली जातात. दोन पाकळ्या जिथे टेकल्या त्या ठिपक्यावरून पान निघते आणि बाहेरच्या बाजूच्या बरोबर मधल्या ठिपक्यावर संपते. एवढे लिहून घेतले की रांगोळी काढता येते. एक पाकळी आणि एक पान कळले, उरलेली पाच जोड्या त्याच आहेत.

फोटो उलटवला तर रेघा तशाच दिसतात. म्हणजे नक्षी सहा वेळा जुळणारी आणि आरशाच्या सहा रेघांची आहे. पण ही फक्त रेघांची गोष्ट झाली. पाकळ्यांत एक आड एक राणी आणि पिवळा रंग भरला आहे. आता सहाव्या भागाने फिरवले तर राणी पाकळी पिवळीवर येते. तिसऱ्या भागाने फिरवावे तेव्हाच रंग जुळतात, म्हणून रंगांसकट ही रांगोळी तीनच वेळा जुळते आणि आरशाच्या तीनच रेघा उरतात. राणी, पिवळा, हिरवा असे तीन रंग क्रमाने दोनदा भरले असते तर ती अर्ध्या फेऱ्यालाच जुळली असती आणि आरसा एकही उरला नसता. म्हणून ओळख लिहून ठेवताना रेघांची सममिती आणि रंगांची सममिती वेगवेगळी लिहावी. ठिपके कळतात ते रेघांवरून. रंग पाहून ‘तीन वेळा जुळते’ एवढेच लिहिले तर पुढचा वाचणारा सहा पाकळ्यांचे फूल शोधणारच नाही.

सिक्कू कोलममध्ये ठिपके मोजणे सोपे असते, पण तिथे आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे : एकूण रेघा किती? बोट एका ठिकाणी ठेवून रेघेवरून फिरवत परत तिथेच आलो की एक रेघ संपली. चार ठिपक्यांचा लहानसा चौकोन घ्या, दोन वर, दोन खाली. नेहमीच्या पद्धतीने वेटाळले तर त्यात दोन लांबट कडी मिळतात. एका कड्यात एका कर्णावरचे दोन ठिपके, दुसऱ्यात दुसऱ्या कर्णावरचे, आणि ही कडी एकमेकींना चार ठिकाणी छेदतात. सरळ चौकोनी किंवा आयताकृती मांडणीत, कुठेही छेद न तोडता वेटाळले, तर रेघांची संख्या दोन बाजूंच्या ठिपक्यांच्या मसाविइतकी येते. तीन गुणिले तीनमध्ये तीन रेघा, चार गुणिले चारमध्ये चार, आणि तीन गुणिले चारमध्ये एकच.

म्हणजे चौकोन घेतला तर पाव फेऱ्याची सममिती मिळते, पण रेघ अखंड राहत नाही. तीन गुणिले चार घेतले तर रेघ अखंड होते, पण पाव फेरा जातो. दोन्ही हवे असतील तर काही छेद तोडून त्या जागी दोन वळणे एकमेकांपासून वेगळी करावी लागतात. चार ठिपक्यांच्या चौकोनात एकच छेद तोडला तर दोन्ही कडी जोडून एक रेघ होते, मात्र आरशाची एकच रेघ उरते आणि फिरण्याची सममिती पूर्ण जाते. फोटोत एका जागी छेद दिसतो आणि तशाच दुसऱ्या जागी वळणे सुटी दिसतात, तेव्हा ती काढणारीची चूक आहे असे ठरवण्याआधी रेघा मोजाव्यात. रेघ एकच असेल तर तो छेद मुद्दाम तोडलेला असण्याचा संभव मोठा.

मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले गिफ्ट सिरोमनी आणि राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ मध्ये कोलमवर जो शोधनिबंध लिहिला, त्यात त्यांनी कोलम संगणकाच्या व्याकरणात बसवले होते : लहान तुकडे आणि ते कुठे जोडायचे याचे नियम. ठिपके आणि जोडणीचा नियम एवढेच लिहिले की लहान कोलमवरून मोठे कोलम तयार होते. फोटो ओळखणारा हीच वाट उलट्या दिशेने चालतो, मोठ्या नक्षीवरून तुकडा आणि नियम शोधतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. रांगोळी हाताने काढलेली असते. वारा येतो, पाऊल पडते, एक पाकळी जाड होते, एखादा ठिपका सरकतो. सहापैकी पाच पाकळ्या जुळतात आणि सहावीत फुलाऐवजी पान आले आहे असे दिसले, तर नक्षी सहा वेळा जुळणारी धरून तो फरक शेजारी लिहावा. तीन जुळतात आणि तीन वेगळ्या आहेत असे असेल तर मात्र ती चूक नसते, तीच नक्षी असते. फोन फार जवळ धरून काढलेल्या फोटोत कडेच्या सरळ ओळी बाहेर फुगतात. तेव्हा मोजणी मध्याजवळच्या ओळींपासून सुरू करावी. आणि रांगोळीचा तिसऱ्या भागाहून जास्त भाग फोटोबाहेर असेल तर सममितीचा आकडा ठामपणे लिहू नये, दिसतात तेवढ्या ओळी लिहाव्यात.

ही सगळी खटपट बरीचशी टाळता येते. घरात कुणी ठिपक्यांची रांगोळी काढायला बसले असेल तर ठिपके देऊन झाल्यावर, पहिली रेघ ओढण्याआधी, फोन रांगोळीच्या मधोमध वर धरून एक फोटो काढा. भोवतीच्या फरशीचे सांधे त्यात येऊ द्या. मग रेघा झाल्यावर दुसरा काढा आणि रंग भरल्यावर तिसरा. फोटोखाली मधल्या ओळीचे आणि शेवटच्या ओळीचे ठिपके लिहून ठेवा.